रुजवातीची तारीख

जुन्या घराण्यांतून सनदा जपून ठेवण्याची चाल आहे. देवघराच्या कोनाड्यांत किंवा माळ्यावरच्या पेटींत, तांबड्या रुमालांत बांधलेलीं हीं पत्रें दसऱ्याला बाहेर निघतात, त्यांना हळदकुंकू लागतें व पुन्हा तीं आंत जातात. पण त्याच सनदा सरकारी कचेरींत तपासून घेण्यासाठीं ज्या चार-सहा ओळींच्या अर्जानें तारीख मागितली जात असे, तो अर्ज मात्र कोणी जपत नाहीं. काम झालें कीं त्याचें मोल संपतें. आम्हांस असें वाटतें कीं, इतिहासाच्या अभ्यासकाला सनदेइतकाच हा अर्जही बोलका आहे. कारण मनुष्य सरकारपुढें स्वतःची ओळख कशी देतो, कोणता कागद पुढें करतो, कोणता मागें ठेवतो, आणि त्याला अमुकच दिवस कां हवा असतो, हें सर्व त्यांतच दिसतें. या लेखांत आम्ही इनाम कमिशनच्या काळांतील अशा अर्जाचा विचार करणार आहों.

पार्श्वभूमि थोडक्यांत सांगावी लागेल. ता. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्यास एल्फिन्स्टनसाहेबांनीं जो जाहीरनामा लाविला, त्यांत वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें यांचें संरक्षण होईल असें अभिवचन होतें. अभिवचन सर्वांस मिळालें. परंतु इनाम खरें कोणाचें व किती, हें ठरविण्याचें काम पुढें राहिलें. दक्षिण महाराष्ट्रांत १८४३ च्या सुमारास गोल्डस्मिड यांच्या हातून त्याची सुरुवात झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानें त्याला पक्कें रूप आलें. या कायद्यानें इनामांची चौकशी दिवाणी कोर्टांच्या हातून काढून कमिशनर व त्याचे असिस्टंट यांच्याकडे दिली. त्यांच्या निकालावर दाद मागायची ती वरच्या अंमलदाराकडे व अखेर सरकारकडेच. म्हणजे ज्याला जमीन परत घ्यावयाची तोच पंच, ही गोष्ट त्या काळच्या लोकांच्या मनांत फार खोल रुतली. हजारों इनामें या चौकशींत गेलीं, आणि १८५७ च्या असंतोषाचीं कारणें सांगतांना इतिहासकार या कमिशनचें नांव विसरत नाहींत. तथापि सगळे अंमलदार परके होते असें मात्र नव्हे. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे याच खात्यांत असिस्टंट इनाम कमिशनर होते. स्वजनांना त्यांच्या दोषांबद्दल शब्दांचा मार देणारा हा लेखक कचेरींत बसून त्याच स्वजनांच्या सनदा उलगडून पाहत होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कायद्यासोबतच्या नियमांपैकीं दोनच आपल्या कामाचे आहेत. पहिला असा कीं, सक्षम सत्तेनें दिलेल्या सनदेंतच इनाम वंशपरंपरेचें आहे असे शब्द असतील, तर तें त्या शब्दांप्रमाणें चालावें. दुसरा असा कीं, तशी सनद नसली तरी इंग्रजी अंमल बसण्यापूर्वीं साठ वर्षें जमीन अखंड भोगांत असेल, आणि अंमल बसतेवेळीं ती मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्या नातवाच्या औरस पुरुषवंशजाकडे असेल, तर पुरुषवंश आहे तोंपर्यंत ती चालावी. साठ वर्षें भरत नसतील व चाळीस भरत असतील, तर हक्क पुष्कळच आखूड होई. मग इनाम एखाद्या पिढीपुरतें राही व पुढें खालसा होई. या नियमांत माणसाच्या बोलण्याला फारशी जागा नाहीं. सारा भार कागदावर, कागदावरील शब्दांवर आणि तारखेवर.

आतां अर्जाकडे वळूं. वाचकांच्या डोळ्यांपुढें वस्तु यावी म्हणून आम्ही एक प्रकरण नमुन्यादाखल बांधिलें आहे. त्यांतील मनुष्य कल्पित आहे, परंतु त्याच्या अडचणी त्या काळच्या आहेत. पुणें प्रांतांतील एका गांवीं एका भिक्षुकी घराण्याकडे अर्धा चाहूर, म्हणजे साठ बिघे, इनाम जमीन आहे. मूळ पुरुषाला ती नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत मिळाली. सध्यांचा इनामदार हा त्याचा पणतू. अस्सल सनद वडील शाखेकडे. आणि वडील शाखा दोन पिढ्यांपूर्वीं गायकवाडांच्या आश्रयास बडोद्याला गेलेली. या धाकट्या शाखेजवळ आहे तें फक्त कमाविसदाराच्या नांवचें एक ताकीदपत्र: अमुक जमीन अमक्यास इनाम दिली आहे, तरी तिच्या उत्पन्नास उपद्रव न देणें, अशा अर्थाचें. त्यांत वंशपरंपरेचा शब्द नाहीं. कमिशनची नोटीस आली आहे. नोटीस लागल्यावर हजर न होणें म्हणजे आपली बाजू आपल्या हातानें रिकामी सोडणें होय. तेव्हां त्यानें अर्ज लिहावयाचा, तो असा कांहीं:

“मेहेरबान असिस्टंट इनाम कमिशनर साहेब यांचे सेवेसी. अर्जदार अमुक बिन अमुक, उपनाम अमुक, गोत्र अमुक, सूत्र आश्वलायन, वस्ती मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत पुणें. विनंति अर्ज ऐसा जे: मौजे मजकुरीं जमीन बिघे साठ आमचे पणजे यांस इनाम, ती आजपावेतों आमचे वहिवाटीस आहे. त्याबद्दल ताकीदपत्र अस्सल एक आमचेजवळ आहे व सनद अस्सल आमचे वडील भाऊबंद बडोद्यास असतात त्यांजवळ आहे. दोन्ही कागद एके दिवशीं हुजूर दाखवून रुजवात करून घेणें आहे. भाऊबंदास पत्र लिहिलें आहे; त्यांस येण्यास पावसाळा आड आहे. याजकरितां मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, तें न घडल्यास सप्तमी, अगर दशमी, या तीन दिवसांपैकीं हुजुरास सोय पडेल तो दिवस मुकरर करून उत्तर मिळावें. वंशावळ व कागदांची याद सोबत जोडिली आहे.”

प्रत्येक तिथीपुढें इंग्रजी तारीखही घालणें शहाणपणाचें. कचेरीचें टिपण इंग्रजी तारखांनीं चाले, घरचें पंचांगानें. आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धि झाली कीं “सप्तमी” म्हणजे नक्की कोणता दिवस, याविषयीं दोघांच्या समजुतींत अंतर पडावयाचें. आपण सप्तमीला गेलों तर साहेब आदल्या दिवशींच पुकारा करून मोकळे झालेले, असा प्रसंग येऊं न देण्याचा हाच उपाय.

अर्जाच्या पहिल्या ओळींत एक गंमत आहे, तिच्यावर क्षणभर थांबूं. पेशवाईंतल्या सनदेंत ब्राह्मण इनामदाराची ओळख गोत्र, सूत्र, उपनाम व वास्तव्य यांनीं होते. तेथें तो कोणाचा कोण हें फारसें विचारलें जात नाहीं, कारण देणाऱ्याला घेणारा समोर दिसत असतो. कमिशनपुढें मात्र घेणारा मरून साठ-सत्तर वर्षें झालेलीं आहेत. तेथें कौशिक गोत्र आणि आश्वलायन सूत्र यांनीं कांहीं सिद्ध होत नाहीं. त्या गोत्राचीं व सूत्राचीं घरें गांवोगांव आहेत. कचेरीला हवी असते वंशावळ, तीही मूळ इनामदारापासून अर्जदारापर्यंत एकही दुवा न तुटलेली. आणि येथेंच आपल्या लोकांची एक प्रेमळ रूढि आड येते. नातवाला आज्याचें नांव ठेवावयाचें, म्हणून एका पिढीआड तींच नांवें फिरून येतात: महादेव बिन कृष्ण, कृष्ण बिन महादेव, पुन्हा महादेव बिन कृष्ण. वहिवाटीच्या कागदांत “महादेव बिन कृष्ण” दिसला, तर तो पणजा कीं नातू? साठ वर्षांच्या नियमांत अंमल बसतेवेळीं नातवाकडे जमीन होती काय, हाच प्रश्न असल्यामुळें ही गफलत प्राणघातक ठरते. म्हणून अनुभवी कारकून वंशावळींत प्रत्येक नांवाखालीं त्याच्या मरणाचा शक लिहीत. तो ठाऊक नसेल तर निदान ज्या कागदांत तो जिवंत दिसतो त्या कागदाचें साल. दत्तकाची गोष्ट याहून नाजूक. नियमांत भाषा औरस वंशाची. तेव्हां दत्तक कोठें आहे, केव्हां झाला व त्याला त्या वेळच्या सरकारची मंजुरी होती काय, हें अर्जांतच सांगितलेलें बरें. लपविलेला दत्तक तोंडी जबानींत उघडकीस आला, म्हणजे खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

आतां कागदांची याद. हींत अर्जदाराला एक निवड करावी लागते व ती सोपी नसते. जें जें आहे तें तें सारें लिहावें, कीं कामाचें तेवढेंच? सारें लिहिलें तर एखादें जुनें पत्र, ज्यांत जमीन साठऐवजीं चाळीस बिघे आहे, तेंही कचेरीपुढें जातें. न लिहिलें, आणि त्याची नोंद सरकारी दप्तरांत निघाली, तर लपवाछपवीचा आरोप येतो. अर्जदाराला पेशवे दप्तर पाहावयास मिळत नव्हतें. कमिशनच्या हाताशीं मात्र तें होतें. शनिवारवाड्यांतलें हें दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें होतें, आणि इनामदारानें आणलेल्या पत्राची नोंद त्यांतल्या रोजकीर्दींत सांपडते कीं नाहीं, हें पाहणें हाच रुजवातीचा गाभा होता. रोजकीर्द म्हणजे रोजचा खर्डा: त्या दिवशीं सरकारांतून काय दिलें, काय आलें, कोणतीं पत्रें निघालीं. अर्जदार आपल्या घरचा अर्धा कागद घेऊन येतो आणि उरलेला अर्धा समोरच्याच्या कपाटांत असतो, अशी ती स्थिति.

पण नोंद न सांपडली म्हणजे कागद खोटा, असें म्हणतां येत नाहीं; आणि कमिशनविषयींचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप येथेंच आहे. दप्तर अखंड राहिलेलें नव्हतें. १७६३ सालीं निजामाच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें. त्या धामधुमींत लोक माल व कागद घेऊन सिंहगडाकडे गेले, आणि गडाच्या पायथ्याशीं मोगलांनीं जें जाळलें त्यांत पुष्कळ कागदपत्रें गेलीं, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. पुढें नाना फडणिसांच्या काळीं दप्तराला शिस्त आली, तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं ती पुन्हा विस्कटली. तेव्हां १७६३ पूर्वींच्या पत्राची नोंद न मिळाल्यास तो दोष पत्राचा कीं दप्तराचा, हें सांगणें कठीण. अशा वेळीं कागद स्वतःच्या अंगावरच्या खुणांनीं उभा राहिला पाहिजे: शिक्का योग्य त्या राजाचा व पेशव्याचा आहे काय, शेवटीं मोर्तब आहे काय, पाठीवर बार झाल्याची खूण आहे काय, फडणीस-चिटणिसांचें अक्षर त्याच काळच्या दुसऱ्या पत्रांशीं जुळतें काय, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पत्रांतल्या निरनिराळ्या कालगणना एकमेकींशीं जमतात काय.

ही शेवटची परीक्षा समजावून घेण्यासारखी आहे, कारण आमच्या इनामदाराचें सर्वस्व तिच्यावर टांगलेलें आहे. त्याच्या ताकीदपत्रावर साल आहे “सु॥ तिसा खमसैन मया व अलफ”, आणि खालीं “छ १० जमादिलावल”. सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहितात व एकंदर बेरीज करून घेतात: तिसा म्हणजे नऊ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११५९. हा सन सौरमानाचा असून सूर्य मृगांत शिरतो तेव्हां, जूनच्या आरंभाच्या सुमारास, पालटतो. महिने व चंद्र मात्र हिजरीचे. म्हणून इसवी सन काढावयाचा तर जूनपासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे.

आमच्या इनामदाराच्या घरीं कोणी तरी पूर्वीं सरसकट ५९९ मिळविले व रुमालावर इसवी सन १७५८ अशी चिठी लाविली. चिठी पाहणाऱ्यांनीं पत्रांतला पौष महिना ध्यानांत घेऊन जानेवारी १७५८ असें धरलें. त्या हिशेबानें १८१८ च्या आरंभीं, साताऱ्याचा जाहीरनामा लागण्यापूर्वींच, साठ वर्षें भरतात. घरांतल्या माणसांना या साठ वर्षांचा मोठा धीर होता. सनद न आली तरी काय बिघडलें, नियमाप्रमाणें साठ वर्षें आहेतच!

खरा हिशेब मात्र वेगळा आहे. त्या वर्षीं जमादिलावल महिना डिसेंबर १७५८ च्या अगदीं अखेरीस लागतो. दहावा चंद्र १७५९ च्या जानेवारीच्या पूर्वार्धांत पडतो. म्हणजे येथें ६०० मिळवावयास हवे होते. याची खात्री पटवावयाची तर पत्राच्या डोक्यावरील दुसरी गणना पाहावी. तेथें “राज्याभिषेक शके ८५ बहुधान्यनाम संवत्सरे” असें असेल, तर राज्याभिषेकाचा पहिला शक शालिवाहन १५९६ त पडतो म्हणून ८५ वा १६८० त येतो, आणि शके १६८० चें संवत्सर बहुधान्यच आहे. शके १६८० चा पौष हा जानेवारी १७५९ चा. चंद्र चंद्रदर्शनापासून मोजतात, त्यामुळें दहावा चंद्र शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच यावयास हवा. पत्रांत पौष शुद्ध एकादशी असेल तर तोही मेळ बसला. जर संवत्सर ईश्वर असतें, तर तें शके १६७९ चें ठरून घरची चिठी खरी झाली असती. बनावट पत्र करणाराची फजिती बहुधा येथेंच होते. तो सुहूर सन बरोबर लिहितो, पण संवत्सराचें नांव किंवा महिन्याची सांगड चुकवितो. आमच्या इनामदाराचें पत्र खरें आहे. सर्व गणना जमतात. परंतु तें खरें ठरण्याबरोबरच त्याचीं साठ वर्षें बुडतात! जानेवारी १७५९ पासून मोजतां १८१८ साल उजाडतांना एकोणसाठच वर्षें भरलेलीं असतात. कागद अस्सल, आणि म्हणूनच अपुरा.

मोडी वाचनांतले आणखी एक-दोन खड्डे येथेंच सांगून टाकतों. “समान” म्हणजे आठ व “समानीन” म्हणजे ऐशीं. “सबा” सात व “सबैन” सत्तर. “तिसा” नऊ व “तिसैन” नव्वद. मोडींत शब्द एकमेकांना चिकटून येतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाहीं, आणि कागद घडीवर फाटलेला असला तर “न” नेमका त्या घडींतच जातो. एकट्या सुहूर सनावर विसंबून साल ठरवूं नये, ही गोष्ट आजच्या संशोधकालाही लागू आहे.

असो. आतां तारखेचा प्रश्न काय होता तें नीट दिसेल. अर्जदारानें मार्गशीर्ष मागितला तो सोयीसाठीं नव्हे. ज्येष्ठ-आषाढांत पेरणी, नद्यांना पूर, बडोद्याहून सनद घेऊन येणारा मनुष्य वाटेंत अडकून पडावयाचा. आश्विन-कार्तिकांत दसरा, दिवाळी, कचेरीच्या सुट्या व सुगीची घाई. मार्गशीर्षांत रस्ते कोरडे होतात. मुख्य गोष्ट अशी कीं, त्या दिवशीं पेटींत दोन कागद असतील कीं एकच असेल, एवढ्यावर सारा निकाल ठरावयाचा होता. ताकीदपत्र एकटें गेलें तर इनाम चाळीस वर्षांच्या आखूड नियमांत पडणार. सनद सोबत असली, आणि तिच्यांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें अनुभवणें, अशी नेहमीची शब्दावलि निघाली, तर वर्षें मोजण्याचें कारणच उरत नाहीं. पहिला नियम लागतो. शिवाय तेंच ताकीदपत्र, जें एकटें असतां घातक होतें, सनदेसोबत आलें म्हणजे तिचा पाठिंबा ठरतें: सनदेनंतर थोड्याच दिवसांनीं अंमलदाराला हुकूम गेला, जमीन ताब्यांत आली, याचा तो पुरावा.

म्हणून अर्जांतलें “दोन्ही कागद एके दिवशीं” हें वाक्य त्यांतलें सर्वांत विचारपूर्वक लिहिलेलें वाक्य होय. नुसती “मुदत मिळावी” अशी विनंति केली असती तर अंमलदारानें ती चालढकल समजून नाकारण्याचा संभव. नोटिशींनीं घाबरलेले लोक अशा मुदती सारखे मागत असणारच. परंतु कारण एक, तें तपासतां येण्याजोगें, आणि पुढें तीन निश्चित दिवस. अंमलदाराला “नाहीं” म्हणण्यापेक्षां त्यांतला एक दिवस निवडणें सोपें जातें. तीन दिवस जवळजवळचे ठेविले तेंही हेतुपूर्वकच: बडोदेकर एकदां पुण्यास आला कीं त्याला आठवडाभर ठेवून घेतां येतें, पण पौषांत पुन्हा बोलावतां येत नाहीं. आणि अस्सल सनद त्याच्या हातून सोडून ठेवण्यास तो राजी होईल अशी आशा कोणत्याही भाऊबंदाकडून करूं नये! याच कारणानें अर्जासोबत अस्सल कधींच जोडावयाचें नाहीं. नक्कल जोडावी, आणि नकलेची अस्सलाशीं रुजवात समोर बसून करून घ्यावी. नक्कल उतरून घेतांना खाडाखोड झाली असेल, तर ती तशीच ठेवून समासांत लिहावी. “साफ” केलेल्या नकलेवर संशय येतो.

त्या दिवशीं काय होई, याचीही कल्पना करतां येते. नांव पुकारलें जातें. जबानी घेतली जाते. वंशावळींतल्या प्रत्येक नांवावर बोट ठेवून प्रश्न होतात. सनद उलगडून तिची मोडी एक कारकून मोठ्यानें वाचतो, दुसरा नकलेवर डोळा ठेवतो. जेथें दोघे थांबतात तेथें अर्जदाराचा श्वास थांबतो. मग सनदेचा सन, महिना व चंद्र टिपून घेऊन दप्तराकडे शोधाची चिठी जाते. निकाल त्या दिवशीं मिळत नाहीं.

बडोद्याचा मनुष्य आला नाहीं, असें समजा. भाऊबंदकीच्या इतिहासांत हें नवल नव्हे. वडील शाखेला वाटतें, कीं सनद पुण्याच्या कचेरींत नेली तर धाकट्यांचा हक्क पक्का होईल व आपला वांटा विचारण्याची सोय राहणार नाहीं; किंवा सरकार सनदच ठेवून घेईल. अशा वेळीं अर्जदारापुढें उपाय एकच: ठरलेल्या दिवशीं स्वतः हजर राहून ताकीदपत्र दाखवावें, सनद कोणाजवळ आहे तें नांवगांवासह लिहून द्यावें, आणि ती मागविण्याविषयीं कमिशननेंच बडोद्यास लिहावें अशी विनंति नोंदवून घ्यावी. ती मान्य होवो न होवो, नोंद असली म्हणजे वर दाद मागतांना तिचा आधार राहतो. घरीं बसून राहणाराला तोही राहत नाहीं.

पुढें १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनीं सरकारनें ही वाट सोडली. इनामदारानें आकाराचा ठराविक अंश दरसाल भरण्याचें कबूल केलें, तर चौकशीशिवाय इनाम कायम करून द्यावयाचें, अशी तडजोड निघाली. ज्यांचीं प्रकरणें त्यापूर्वींच निकालांत निघालीं होतीं त्यांना तिचा लाभ झाला नाहीं. ज्यांच्या तारखा कांहींना कांहीं कारणानें लांबत राहिल्या होत्या, त्यांना झाला. पेरणी, पूर व रुसलेले भाऊबंद यांनीं कांहीं घरांच्या जमिनी अशा रीतीनें वांचविल्या, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कमिशन गेलें, पण त्याच्या हातून नीट लागलेलें दप्तर राहिलें. पुण्याच्या पुराभिलेखागारांत तें आजही आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडलेल्या पत्रांचे पंचेचाळीस खंड काढले, हें वाचकांस ठाऊक असेलच. आज दाखल्यांच्या तपासणीसाठीं घरबसल्या तारीख निवडतां येते. पासपोर्टाच्या कचेरींत तर दिवसाबरोबर वेळही ठरवून मिळते, आणि गोत्रसूत्राच्या जागीं जन्मतारीख व ओळखपत्राचा अंक येतो. तरी पूर्वजांच्या जमिनीचा किंवा जातीचा जुना पुरावा काढावयास जो मनुष्य जातो, त्याला गांव, तालुका, काळ व पूर्वजाचें नांव यांनीं सुरुवात करावी लागते. आणि कागद मोडी असला, कीं कोणी तरी जाणकार तो हातांत घेऊन प्रथम महिना पाहतो, मग सुहूर सनांत ५९९ मिळवावे कीं ६००, तें ठरवितो.